उच्च मध्यम पातळीची चोरी

खुर्ची चोरीला गेली हे कळल्यावर सरांना आधी धक्का बसला, मग संताप आला, आणि त्यानंतर, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही झाला. आनंदाचं त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. चोरी झालेल्या माणसाने खूश दिसणं बरं नव्हे, एवढा लोकाचार त्यांना ठाऊक होता.

त्यांच्या आनंदाला कारण होतं. सर परगावाहून आलेल्या मोठ्या माणसांना संध्याकाळच्या वर्गात इथली भाषा शिकवत. इतकी वर्षं त्यांनी एका प्रकाशनासाठी रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, चूक की बरोबर ते सांगा असले ढीगभर स्वाध्याय लिहिले होते. त्यावर कुठेही त्यांचं नाव नव्हतं. रिकामी जागा कुणी निर्माण केली हे भरणारा कशाला विचारतोय? आता मात्र प्रकाशनाच्या संपादिकाबाईंनी त्यांना एक अख्खं पुस्तक दिलं होतं. छोटंसं, पण मुखपृष्ठावर सरांचं नाव असलेलं. उच्च मध्यम पातळीच्या विद्यार्थ्यांसाठी एक रहस्यकथा, आणि तीही अशी की संवाद आणि दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगणं या दोन गोष्टींचा भरपूर सराव व्हावा.

उच्च मध्यम म्हणजे कोण, हे सरांनी बायकोला समजावून सांगितलं होतं. "ज्यांना भाजी घेता येते, भांडताही येतं, पण झालेलं भांडण तिसऱ्याला नीट सांगता येत नाही, ते उच्च मध्यम."

"म्हणजे तुमच्यासारखे," बायको म्हणाली होती. सर तेव्हा लिहीत होते.

संपादिकाबाईंचे नियम कडक होते. संशयित चारच. खून नको, विद्यार्थी दिवसभर काम करून थकून येतात. अवघड शब्द आला तर तो आजूबाजूच्या वाक्यांवरून कळला पाहिजे. प्रत्येकाचं बोलणं आधी अवतरणचिन्हांत यावं आणि मग तेच दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून यावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चोर कोण ते शेवटच्या पानाआधी शोधता आलं पाहिजे, पण सहजासहजी नाही. शेवटचं पान बाजूला काढून गोष्ट आधी वर्गात वाचून घ्यायची, बाई स्वतः मागच्या बाकावर बसून पाहणार. कुणालाच चोर सापडला नाही तर गोष्ट बाद. सगळ्यांना पहिल्याच पानावर सापडला तरी बाद. मग पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी जाणार.

सरांनी पहिली गोष्ट लिहिली ती एका सरदाराच्या हिऱ्यांच्या हाराची. त्यात फौजदार विचारतो, "महोदय, आपण काल सायंकाळी कोठे होता?" आणि महोदय "कानांवर हात ठेवतात". बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं, "कान दुखतात असं वाटेल. शिवाय असं कोण बोलतं हो? आजूबाजूची माणसं कशी बोलतात ते जरा ऐका." सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. अर्थात एरवीही ते फारसे बोलत नसत, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि अशा वेळी खुर्ची गेली.

ती खुर्ची साधीसुधी नव्हती. भक्कम लाकडाची, रुंद हातांची, स्वतःभोवती फिरणारी, आणि फिरताना दार उघडल्यासारखी करकरणारी. भिंतीकडे तोंड करून सर तिच्यात बसले की त्यांना जगाचा विसर पडे. नेहमीप्रमाणे फरशी धुवायची म्हणून बायकोने सकाळी ती दाराबाहेर जिन्याच्या वळणावर काढून ठेवली होती. संध्याकाळी सर घरी आले तर वळण रिकामं. सर तिथूनच गरजले, "चोरी! चोरी झाली!"

जिन्यातली सगळी दारं उघडली. समोरच्या काकू आल्या. तळमजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप अडकवून वर आला. इमारतीचा पहारेकरी खुर्चीच्या जागी उभा राहून जागेकडे टक लावून बघायला लागला. सगळ्यांत शेवटी बायको बाहेर आली, हात पुसत. तिने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, "अहो, वरचे काका म्हणाले की एक अनोळखी माणूस आला होता. तपकिरी सदरा, कोपरावर उसवलेला. 'सरांनी सांगितलंय' म्हणाला आणि खुर्ची उचलून घेऊन गेला."

सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बायको सांगतेय की काका म्हणाले की माणूस म्हणाला की सरांनी सांगितलंय! एका वाक्यात तीन माणसांचं बोलणं! उच्च मध्यम पातळी याहून वेगळी काय असते? त्यांनी खिशातलं पेन काढलं. ज्याची वस्तू गेली तो माणूस जागच्या जागी लिहायला लागलेला पाहून काकूंनी बायकोकडे पाहिलं, बायकोने काकूंकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी रीतसर जबान्या घेतल्या. पहिल्या काकू. "काकू, तुम्ही काल काय पाहिलंत?" काकूंनी पदराला हात पुसले, छताकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाल्या, "एक अनोळखी माणूस आला होता, तपकिरी सदरा, कोपरावर उसवलेला, सरांनी सांगितलंय म्हणाला आणि खुर्ची उचलून घेऊन गेला. झालं?"

शिंपी काजं करत होता. त्याने सुई न थांबवता तेच सांगितलं. "आणि उसवलेल्या कोपराचं म्हणाल तर दोन टाक्यांचं काम होतं," एवढी भर मात्र त्याने पदरची घातली. पहारेकऱ्याने सावधान उभं राहून सांगितलं. मधे "तपकिरी" विसरला तेव्हा ओठ हलवत पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. वरच्या काकांना सरांनी जिन्यातच गाठलं. काका मुलीकडे राहायला गेले होते, ते हातात बॅग घेऊन नुकतेच चढत होते. धापा टाकत, बॅग खाली न ठेवता ते म्हणाले, "एक अनोळखी माणूस... तपकिरी सदरा... अहो, आधी वर तर जाऊ द्या!"

सरांनी बॅगही लिहून घेतली. बाईंनी बजावलं होतं, बारीकसारीक गोष्टी सोडू नका.

सल्ले तर मागावेच लागत नव्हते. काकू म्हणाल्या की गेली ती पीडा समजा, दारापलीकडून ऐकणाऱ्यांनाही जीव असतो. शिंपी म्हणाला की त्या खुर्चीला आपटून आपल्या नडगीचा रंग कायमचा बदलला आहे. काकांनी सुचवलं की आता स्टूल घ्या, स्टुलावर माणूस कमी वेळ बसतो. चोरी झालेल्याचं सांत्वन करण्याची ही रीत सरांना जरा विचित्र वाटली, पण माणसं कशी बोलतात ते ऐकायचंच होतं, म्हणून त्यांनी तेही टिपून घेतलं.

पोलीस चौकीत मात्र मानभंग झाला. हवालदाराने विचारलं, "खुर्ची तुमची, याला पुरावा?"

"मी तिच्यात बसतो."

"मीही हिच्यात बसतो," हवालदार आपल्या खुर्चीच्या हातावर थाप मारत म्हणाला. "ही माझी आहे का? सरकारची आहे. पावती आणा." पावती नव्हती. फोटो होता, पण त्यात सर बसले असल्यामुळे खुर्ची दिसत नव्हती. मग हवालदाराने जबान्या वाचल्या. एकदा वाचल्या, दोनदा वाचल्या, आणि सरांकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं. "इतक्या वर्षांच्या नोकरीत इतके एकमुखी साक्षीदार पाहिले नाहीत. पाठांतर चांगलं आहे हो तुमच्या इमारतीचं." सरांना वाटलं, शेजाऱ्यांच्या निरीक्षणशक्तीची स्तुती झाली. त्यांनी घरी येऊन बायकोला तसं सांगितलंही. बायकोला तेवढ्यात ठसका लागला.

आठवडाभरात गोष्ट तयार झाली. खुर्चीच्या जागी सरांनी घड्याळ घातलं, स्वतःच्या जागी एक हुशार, देखणा प्राध्यापक घातला. बाकी सगळं जसंच्या तसं. शेवटच्या पानावर चोर म्हणून शिंपी पकडला जात होता. त्याचं अनोळखी माणसाशी संगनमत असल्याचं प्राध्यापक केवळ बुद्धीच्या जोरावर ओळखतो. नडगीचा उल्लेख सरांना लागला होता, त्याचा असा परस्पर निकाल लागला.

संपादिकाबाई फोनवर म्हणाल्या, "संवाद आता माणसांचे वाटतात. पण चार साक्षीदार एकच वाक्य का बोलतात? चौघांची बोलण्याची तऱ्हा वेगळी नको का? हे कच्चं लिखाण आहे."

"बाई, ते खरोखर असंच बोलले!"

"खरं असेल हो. खरं वाटत नाही," बाई म्हणाल्या. लेखकाला यापेक्षा मोठा अपमान नाही. सरांनी हट्टाने एक अक्षर बदललं नाही.

वाचनाच्या दिवशी बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. वर्गात त्या दिवशी तिघे होते. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई, पुलांचं काम करणारा एक इंजिनीअर आणि हॉटेलातला आचारी. शेवटचं पान आणि तीन जबान्या सोडून बाकीची गोष्ट सरांनी आधी वाचून दाखवली आणि मग पद्धत समजावली. प्रत्येकाला वेगवेगळ्या जबानीचा कागद मिळेल. तो वाचायचा, पालथा घालायचा आणि इतरांना आपल्या शब्दांत सांगायचं. इतरांनी ऐकून चोर शोधायचा.

"नियम आठवतात ना? 'मी आत्ता इथे बसलोय, उद्या या' असं शिंपी म्हणाला. तुम्ही दुसरीकडे, दुसऱ्या दिवशी सांगताय. कसं सांगाल?"

आचारी उत्साहाने म्हणाला, "शिंपी म्हणाला की मी आत्ता इथे बसलोय!"

"मी म्हणजे कोण?" इंजिनीअर म्हणाला. "तू तर इथे बसला आहेस."

"बोलताना 'की'नंतर 'मी' चालतो," सर म्हणाले, "ऐकणारा समजून घेतो की मी म्हणजे शिंपी. पण लिहिताना गोंधळ नको असेल तर 'तो तेव्हा तिथे बसला असल्याचं त्याने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं'. 'आत्ता'चं तेव्हा, 'इथे'चं तिथे, 'उद्या'चं दुसरा दिवस, आणि 'या' हा हुकूम असल्यामुळे 'यायला सांगितलं'. आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा. दुसऱ्याचं बोलणं सांगताना आशय न्यायचा, शब्द नव्हे. एकच बोलणं दोन माणसं कधीही सारख्या शब्दांत सांगत नाहीत." हे बोलताना त्यांनी मागच्या बाकाकडे नजर टाकली. बाई हसल्या. तिथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

मग कागद पालथे पडले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की समोरच्या बाईंनी एका परक्या माणसाला वस्तू नेताना पाहिल्याचा दावा केला. इंजिनीअरने सांगितलं की शिंप्याच्या म्हणण्याप्रमाणे कुणीतरी फाटक्या बाहीचा माणूस आला होता आणि मालकाची परवानगी असल्याचं म्हणत होता. आचाऱ्याने पहारेकऱ्याचं सांगितलं आणि सदरा चुकून हिरवा केला. सर प्रसन्न झाले. तीन तोंडं, तीन तऱ्हा.

"आता कागद सुलटे करा आणि ताडून पाहा."

तिघांनी कागद एकमेकांशेजारी ठेवले. मग डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "सर, आम्ही तिघांनी तीन प्रकारे सांगितलं. पण या लोकांनी एकाच प्रकारे सांगितलं आहे. उसवलेल्या कोपरापर्यंत. तुम्ही आत्ताच म्हणालात की असं कधीही होत नाही."

"माझे पेशंट," त्या पुढे म्हणाल्या, "चौघे एकाच गाडीतून पडले तरी चार गोष्टी सांगतात. एकच सांगितली तर मी समजते की बाहेर बसून ठरवली आहे."

"म्हणजे हे सगळे सामील आहेत!" आचारी ओरडला. "पण पाठ कुणी करून घेतलं?"

इंजिनीअर उठून फळ्यापाशी गेला. त्याला कुठलीही गोष्ट आकृती काढल्याशिवाय कळत नसे. कोण, कुणाला, कधी म्हणालं याचे बाण त्याने काढले. "बोलणं कळवायचं असेल तर आधी ते बोललं गेलं पाहिजे. बरोबर? प्राध्यापकाची बायको संध्याकाळी सांगते की वरचे काका असं म्हणाले. पण वरचे काका दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन परत आले. मग आदल्या संध्याकाळी ते तिला कधी म्हणाले? हा बाण," त्याने खडूने ठोकून दाखवलं, "कुठूनच निघत नाही."

"बायको!" तिघे एकदम म्हणाले.

"बायकोने घड्याळ दिलं," डॉक्टरीणबाईंनी समारोप केला, "शेजाऱ्यांना वाक्य शिकवलं, आणि प्राध्यापक इतका मूर्ख आहे की त्याने ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं आणि त्याला काहीही कळलं नाही."

"देखणा आहे, पण मूर्ख आहे," आचारी म्हणाला. उच्च मध्यम पातळीला 'पण' चांगला जमला होता.

सर फळ्याकडे पाहत राहिले. तो न निघणारा बाण थेट त्यांच्या छातीत येऊन थांबला होता. समोरच्या काकू, शिंपी, काका, सावधान उभा राहिलेला पहारेकरी, अख्खा जिना! सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांसमोर ते पेन घेऊन हिंडत होते. त्यांना फार लागलं. इतकं की शिंप्याला पकडणारं शेवटचं पान त्यांनी वाटलंच नाही, घडी करून खिशात घातलं.

बाई मात्र मागच्या बाकावरून टाळ्या वाजवत आल्या. "मी कच्चं म्हणाले, माझं चुकलं! चार साक्षीदारांचं एकच वाक्य, हाच तर दुवा! किती बेमालूम पेरलात!"

"हो, पेरला," सर म्हणाले.

"पण तिने असं का केलं ते विद्यार्थी विचारणारच. कारण पटलं पाहिजे. सकाळपर्यंत शेवटचं पान द्या, लगेच छपाईला देते. नाहीतर दुसरी गोष्ट तयार आहे माझ्याकडे."

घरी जाताना सरांनी मनात चार भाषणं तयार केली, एकापेक्षा एक जळजळीत. जिन्यात काकू भेटल्या. त्यांनी "मिळाली का हो खुर्ची?" असं विचारलं, आणि सरांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तराची वाट न पाहता दार लावून घेतलं. आत बायको जेवणाच्या टेबलाशी बसली होती. सर उभे राहिले. पहिल्या भाषणाचं पहिलं वाक्य विसरले, आणि त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "काका तुला कधी म्हणाले?"

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं. "कळलं का? बरं झालं. मलाही झोप लागत नव्हती. मी सुतारकाकांना दिली खुर्ची. कोपऱ्यावरच्या."

"मला न विचारता?"

"विचारून. सोमवारी विचारलं, 'खुर्ची देऊन टाकू का?' तुम्ही 'हं' म्हणालात. बुधवारी म्हटलं, 'सुतारकाका उद्या न्यायला येताहेत.' तुम्ही 'हं, हं' म्हणालात. म्हणून मी त्यांना सांगितलं, सरांनी सांगितलंय. त्यात खोटं काय होतं?"

सर टेबलाशी येऊन बसले.

"त्याच संध्याकाळी सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही 'चोरी' म्हणून ओरडलात आणि सगळा जिना बाहेर आला. आता जिन्यासमोर कसं सांगू, की माझा नवरा हो म्हणाला आणि त्यालाच माहीत नाही? तुमचंच हसं झालं असतं. जे सुचलं ते बोलले. काका गावाला होते, म्हटलं ते काही नाही म्हणायला यायचे नाहीत. मग तुम्ही पेन काढलंत आणि मला सगळ्यांची शिकवणी घ्यावी लागली. पहारेकऱ्याकडून तर तीनदा घोकून घेतलं, आणि काकांना बॅगेसकट फाटकातच गाठलं. मला किती लाज वाटत होती, माहितीये?"

"पण का दिलीस?"

ती भांडणाचा सूर सोडून म्हणाली, "कारण तुम्ही त्या खुर्चीत बसलात की मी तुमच्या पाठीशी बोलते. किती वर्षं झाली. कधीकधी मी मुद्दाम काहीतरी भलतंच बोलते. एकदा म्हणाले, 'घराला आग लागलीय.' तुम्ही 'हं' म्हणालात."

सरांना हसू आलं, आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटली. चारही भाषणं निरुपयोगी झाली होती. चोर सापडला होता. तो देखणा होता, पण मूर्ख होता.

त्या रात्री सर जेवणाच्या टेबलावर, बायकोच्या समोरच बसून शेवटचं पान लिहायला लागले. घड्याळाचा चोर प्राध्यापक स्वतःच निघाला. बायकोचा कबुलीजबाब त्यांनी नियमाप्रमाणे सुबक उतरवला आणि वाचून दाखवला. "बायकोने सांगितलं की तो कामात असताना तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नसे आणि त्यामुळे तिला एकटं वाटत असे."

"मी असं म्हणाले नाही," बायको म्हणाली.

"आशय तोच आहे."

"आशय तुमच्या विद्यार्थ्यांना द्या. मला माझे शब्द हवेत. इतक्या वर्षांनी ऐकताय, तर नीट ऐका."

सरांनी वाक्यावर काट मारली. खाली अवतरणचिन्ह उघडलं, पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "सांग. काय म्हणाली होतीस?"

ती सांगायला लागली. खुर्चीपासून सुरू झालं आणि भलत्याच वर्षांकडे गेलं. चहा निवला, समोरच्या काकूंच्या घरातला दिवा मालवला, आणि पान त्या उघड्या अवतरणचिन्हापुढे तसंच कोरं राहिलं. सर एकदाही "हं" म्हणाले नाहीत.